दहा गुरू आणि खालसा : उजळणीला बसण्याआधीची तयारी

सगळ्यात आधी एक कोरा कागद आडवा धरा आणि त्यावर फक्त दहा सनावळ्या लिहा : 1539, 1552, 1574, 1581, 1606, 1644, 1661, 1664, 1675, 1708. शिखांच्या दहा गुरूंचे जन्म-मृत्यू वेगवेगळे पाठ केले तर वीस आकडे होतात आणि ऐन पेपरात ते एकमेकांत मिसळतात. या दहांपैकी पहिली नऊ वर्षं गादी एकाकडून दुसऱ्याकडे गेल्याची आहेत आणि दहावं ती माणसाकडे जाणंच थांबल्याचं. सुरुवातीला 1469, म्हणजे गुरू नानकांचा तळवंडीतला जन्म, तेवढा जोडा.

आता प्रत्येक दोन नावांच्या मध्ये नातं लिहायचं. हे काम बहुतेक जण टाळतात आणि तिथेच मार्क जातात. नानकांना श्रीचंद आणि लखमीदास असे दोन मुलगे होते, तरी त्यांनी शिष्य लहणा यांना निवडलं आणि अंगद हे नाव दिलं. श्रीचंदांच्या मागे उदासी पंथ उभा राहिला. अंगदांनीही मुलांना बाजूला ठेवून सत्तरी ओलांडलेल्या अमरदासांना गादी दिली. अंगदांचा मुलगा दातू याने भर संगतीत अमरदासांना लाथ मारली, अशी कथा परंपरेत आहे. अमरदासांनी जावई जेठा यांना निवडलं, तेच गुरू रामदास. (आपल्याकडे हे नाव वाचलं की समर्थ आठवतात, पण त्यांचा जन्म 1608 चा. हे रामदास 1581 मध्येच गेले.) रामदासांपासून पुढचे सगळे गुरू सोढी घराण्यातले, म्हणून 1574 च्या पुढे कागदावर एक जाड रेघ ओढा. रेघेआधी शिष्य आणि जावई, रेघेनंतर एकच घर.

रेघेच्या पुढे गादीवरचा वाद घरातच आला. रामदासांनी धाकट्या अर्जनदेवांना गादी दिली, तेव्हा थोरला पृथीचंद वेगळा झाला. त्याच्या अनुयायांना शीख परंपरेत ‘मीणे’ म्हणतात. अर्जनदेवांच्या नावापुढे दोन गोष्टी हव्यात : 1604 मध्ये आदिग्रंथाचं संकलन आणि 1606 मध्ये लाहोरात जहांगीरच्या हुकमाने हौतात्म्य. आदिग्रंथात आपल्या नामदेवांची पदं आहेत, हे मराठी विद्यार्थ्याने विसरू नये. पिता गेल्यावर त्यांचे पुत्र हरगोबिंद यांनी मीरी आणि पीरी, म्हणजे ऐहिक आणि आध्यात्मिक सत्तेच्या, अशा दोन तलवारी धारण केल्या आणि अमृतसरला अकाल तख्त उभारलं. इथे एक गल्लत हमखास होते. अमृतसर नगर वसवलं रामदासांनी, हरिमंदिर बांधलं अर्जनदेवांनी, अकाल तख्त हरगोबिंदांचं. तिन्ही एका नावावर टाकू नका.

सहा ते नऊ हा टप्पा सर्वात अवघड, म्हणून त्याला स्वतंत्र बैठक द्या आणि वंशवृक्ष हातानेच काढा. वर हरगोबिंद. त्यांचा थोरला मुलगा बाबा गुरदित्ता वडिलांच्या हयातीतच वारला. गुरदित्तांना दोन मुलगे : धीरमल आणि हरराय. 1644 मध्ये गादी धाकट्या नातवाकडे, हररायांकडे गेली. धीरमलाने ते मानलं नाही, आणि आदिग्रंथाची मूळ प्रत त्याच्याच ताब्यात राहिली. हररायांनी मोठा मुलगा रामराय याला औरंगजेबाच्या दरबारी पाठवलं. तिथे बादशहाला खटकू नये म्हणून त्याने नानकांच्या वाणीतला ‘मुसलमान’ हा शब्द बदलून ‘बेईमान’ असा म्हटला. हररायांनी त्याला दूर केलं, आणि 1661 मध्ये गादीवर आले पाच वर्षांचे हरकिशन. 1664 मध्ये दिल्लीत देवीच्या आजारात ते गेले. जाताना त्यांनी ‘बाबा बकाले’ एवढंच सांगितलं, म्हणजे पुढचे गुरू बकाला गावी आहेत आणि नात्याने आजोबा लागतात.

आता वृक्षाकडे पुन्हा बघा. हरकिशनांचे सख्खे आजोबा गुरदित्ता कधीच गेले होते. उरले त्यांचे सावत्र भाऊ, हरगोबिंदांचे सर्वात धाकटे चिरंजीव तेगबहादूर. म्हणजे आठव्यांकडून नववं स्थान दोन पिढ्या मागे गेलं. ‘तेगबहादूर हे हरकिशनांचे पुत्र’ असं कुणी लिहिलं, तर त्याने वृक्ष काढलेला नाही हे तपासणाऱ्याला लगेच कळतं. बकाल्यात तेव्हा बावीस जण स्वतःला गुरू म्हणवत बसले होते, असं परंपरा सांगते. मक्खनशाह लुबाणा या व्यापाऱ्याने प्रत्येकापुढे दोन-दोन मोहरा ठेवल्या. तेगबहादुरांनी मात्र बुडत्या जहाजावर त्याने बोललेल्या पाचशे मोहरांच्या नवसाची आठवण दिली, तेव्हा खरे गुरू सापडले. काही पुस्तकं तेगबहादूर गादीवर आल्याचं वर्ष 1664 ऐवजी 1665 देतात; दोन्ही आकडे माहीत असू द्या. 1675 मध्ये दिल्लीच्या चांदणी चौकात औरंगजेबाच्या काळात त्यांचा शिरच्छेद झाला. 1606 लाहोर जहांगीर आणि 1675 दिल्ली औरंगजेब या दोन ओळी एकाखाली एक लिहून ठेवा.

वादांची नावं वेगळ्या शाईत लिहिली असतील, तर 1699 मधली खालसा पंथाची स्थापना आपोआप कळते. मीणे, धीरमलिये, रामरायिये, आणि त्यांच्या जोडीला मसंद, म्हणजे गावोगावचा दसवंध, कमाईचा दहावा हिस्सा, गोळा करणारे प्रतिनिधी. त्यातले काही स्वतःच छोटे मालक बनले होते. त्या वर्षी वैशाखीला तेगबहादुरांचे पुत्र, दहावे गुरू गोविंदसिंग यांनी आनंदपुरात जमलेल्या संगतीकडे शीर मागितलं. दयाराम, धर्मदास, हिम्मतराय, मोहकमचंद, साहिबचंद असे पाच जण उठले. लोखंडी कढईत पाणी आणि बत्तासे घालून ते खंड्याने, म्हणजे दुधारी तलवारीने, ढवळत अमृत तयार केलं, पाचांना दिलं आणि मग त्यांच्याच हातून स्वतः घेतलं. उत्तरात हे शेवटचं वाक्य हवंच, कारण त्याने गुरू आणि पंथ यांच्यातली पायरी गेली. मसंदांची व्यवस्था मोडली, आणि खालशात आलेल्याने वरच्या चारही गटांशी संबंध ठेवायचा नाही असा दंडक झाला. पाच जण लाहोर, हस्तिनापूर, जगन्नाथपुरी, द्वारका आणि बिदर इथले म्हणून सांगितले जातात. न्हावी समाजातले साहिबचंद बिदरचे, म्हणजे आपल्या नांदेडच्या शेजारचे. तारीख मात्र जपून लिहा. जुन्या पंचांगाप्रमाणे 30 मार्च आणि आजच्या वैशाखीवरून 13 एप्रिल, अशा दोन्ही नोंदी पुस्तकांत आढळतात. पर्यायांत दोन्ही नसतील तर ‘वैशाखी, 1699’ पुरेसं आहे.

शेवटची नोंद 1708, नांदेड. चारही साहिबजादे, म्हणजे गोविंदसिंगांचे मुलगे, त्याआधीच गेलेले होते. गोदावरीकाठी जखमी अवस्थेत गोविंदसिंगांनी पुढच्या गुरूचं नाव न घेता गुरुपद ग्रंथाला दिलं आणि संगतीचे निर्णय खालशावर सोपवले. या ग्रंथात त्यांनी तेगबहादुरांची वाणी आधीच घातली होती, त्यामुळे 1604 चा आदिग्रंथ आणि 1708 चा गुरू ग्रंथ साहिब यांतला फरक विचारला, तर तेगबहादुरांचं नाव आणि गुरुपद या दोन्ही गोष्टी लिहायच्या.