फोनचा आवाज एक नसतो, बटणं मात्र दोनच असतात: या चुका टाळा

नाशिकच्या मेनरोडजवळ माझं मोबाइल दुरुस्तीचं छोटं काउंटर आहे. आठवड्यातून दोन-तीन जण तरी ठरलेलं वाक्य घेऊन येतात, "भाऊ, स्पीकर गेलाय, बदलून द्या." दहातल्या सात वेळा स्पीकर ठणठणीत असतो. बिघडलेली असते ती आवाजाची मांडणी, आणि ती बिघडवलेली असते गिऱ्हाइकानेच, रात्री अंथरुणात पडल्या पडल्या.

सगळे आवाज एका फटक्यात खाली ओढणे

ही माझी सगळ्यात लाडकी चूक, म्हणून हिच्यावर जरा लांबण लावतो.

सातपूर एमआयडीसीत पहिल्या पाळीला जाणारे एक दादा आले. सकाळी सातला गेटवर हजर व्हायचं, म्हणून पावणेपाचचा गजर. महिनाभरात तीनदा गजर ‘वाजलाच नाही’, दोन खाडे पडले, तिसऱ्यांदा सुपरवायझरने सगळ्यांसमोर सुनावलं. त्याआधी त्यांनी दुसरीकडे चारशे रुपये मोजून स्पीकर बदलून घेतला होता आणि गजर तरीही वाजत नव्हता.

मी आधी एक गाणं लावलं. खणखणीत वाजलं. गाणं आणि गजर एकाच स्पीकरमधून येतात, त्यामुळे गाणं नीट वाजतंय म्हटल्यावर स्पीकरवरचा संशय तिथेच संपतो. पेचकस हातात घ्यायच्या आधी एवढं दहा सेकंदांचं काम कुणीही करावं. मग Settings मध्ये Sound & vibration उघडलं. Media volume पाऊण, Ring volume मध्यावर आणि Alarm volume पार डाव्या टोकाला.

हे झालं कसं, ते त्यांच्याशी बोलताना उलगडलं. रात्री रील बघताना बायको म्हणाली, "बाळ उठेल, आवाज कमी करा." दादांनी बाजूचं बटण दाबलं, पडद्यावर आवाजाची पट्टी आली. तिच्याखालच्या खुणेवर बोट लागलं आणि सगळ्या पट्ट्या उघडल्या. मग घाईत, ‘कटकटच नको’ म्हणून, दिसेल ती पट्टी खाली. सकाळी रील बघताना मीडियाचा आणि फोन चुकल्यावर रिंगचा आवाज आपसूक वाढवला गेला, कारण ते ऐकू येत नाहीत हे लगेच कळतं. गजराची पट्टी मात्र तिथेच राहिली. दिवसभरात तिची आठवण यायचं काही कारणच नसतं.

यातली मेख अशी, की हल्लीच्या अँड्रॉइडमध्ये गजराचा आवाज शून्यावर जात नाही. एक पायरी शिल्लक राहते. त्यामुळे चिन्हावर काट दिसत नाही आणि माणूस समजतो, सगळं चालू आहे. गजर खरं तर रोज वाजत होता. उशीखालच्या फोनमधून डासाच्या गुणगुणीएवढा.

दुसरी गोष्ट बटणांची. 2018 च्या अँड्रॉइड 9 पासून बाजूची बटणं मुळात मीडियाचा आवाज बदलतात, रिंगचा नाही. जुन्या फोनची सवय असलेले लोक खिशातून फोन काढून बटण दाबतात, ‘रिंग वाढवली’ म्हणून निश्चिंत होतात, आणि संध्याकाळी व्हॉट्सॲपवरचा व्हिडिओ बँकेच्या रांगेत बोंबलतो. फोनवर बोलत असताना हीच बटणं कॉलचा आवाज बदलतात. म्हणजे बटण तेच, पण कोणता आवाज हलेल हे त्या क्षणी काय चाललंय त्यावर ठरतं. म्हणून रिंग आणि गजर मी बटणाने कधीच लावत नाही, Settings मध्ये जाऊनच लावतो. तिथे पट्टी सोडली की नमुना वाजतो, आणि दुसऱ्या खोलीत उभं राहून तो ऐकू येतो का ते बघता येतं. मी गजर ऐंशी टक्क्यांच्या खाली ठेवत नाही. रिंग मध्यावर, मीडिया लागेल तसा.

आयफोनवाल्यांचं दुखणं वेगळं. तिथे गजराला स्वतःची पट्टी नाही, रिंगटोनचीच पट्टी गजरालाही लागू होते. Sounds & Haptics मध्ये Change with Buttons चालू असेल, तर बटण दाबून रिंग कमी केली की गजरही कमी. ते बंद करून ठेवा, मग बटणं रिंगच्या वाटेला जाणार नाहीत.

सायलेंट केलं म्हणजे गजरही गप्प, असं समजणे

सायलेंटचा गजराशी संबंध नाही. आरतीच्या वेळी काळारामाच्या सभामंडपात कुणाचा तरी गजर वाजतो आणि तो माणूस पुटपुटतो, "सायलेंटवर होता हो." होताच. अँड्रॉइडमध्ये गजर गप्प होतो तो Do Not Disturb मध्ये अलार्मची सूट काढून टाकली तर, आणि ती सूट लोक नेमकी पहाटे गजर हवा असलेल्या रात्री काढतात.

नोटिफिकेशनसाठी रिंग बळी देणे

ग्रुपवरच्या टिंगटिंगला वैतागून रिंगच बंद करायची आणि घरच्यांचे फोन चुकवायचे. अँड्रॉइड 14 पासून या दोन पट्ट्या वेगळ्या झाल्या आहेत, सॅमसंगमध्ये त्या आधीपासूनच वेगळ्या होत्या. त्याहून जुना फोन असेल तर ग्रुप म्यूट करा.

हेडफोनचा इशारा न वाचता ओके दाबणे

ही माझी दुसरी लाडकी चूक, आणि इथे मला खरंच राग येतो. स्पीकर बदलता येतो. कानाच्या आतल्या शंखात ज्या केसपेशी असतात, त्या मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत.

माझा भाचा सतरा वर्षांचा. नाशिकरोडहून कॉलेज रोडला क्लासला सिटी बसने जातो, जायला पाऊण तास, यायला पाऊण तास, आठवड्याचे सहा दिवस. एका रविवारी म्हणाला, "मामा, या इयरफोनमधून बारीक शिट्टी येते." इयरफोन काढून घेतले, तरी शिट्टी चालूच. म्हणजे ती इयरफोनमध्ये नव्हती, कानात होती.

त्याच्याकडे जुना घेतलेला आयफोन आहे. Control Centre मध्ये Hearing चं कानाचं चिन्ह टाकून घेतलं आणि त्याला म्हटलं, बसमध्ये लावतोस तेवढा आवाज लाव. आकडा 92 डेसिबलच्या आसपास थांबला. त्याचं म्हणणं, "घरी एवढा नसतो, द्वारकेच्या चौकात काही ऐकूच येत नाही म्हणून वाढवतो." नव्वद टक्के लोकांचं हेच होतं. बाहेरचा गोंगाट झाकायला आवाज चढतो, गोंगाट संपल्यावर खाली मात्र येत नाही.

आता हिशेब बघा. जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्या माणसांसाठी धरलेली मर्यादा आहे आठवड्याला 80 डेसिबल, 40 तास. लहान मुलांसाठी 75 डेसिबल, तेवढेच तास. आवाज 3 डेसिबलने वाढला की वेळ निम्मा होतो. म्हणजे 83 ला 20 तास, 86 ला 10, 89 ला 5 आणि 92 ला फक्त अडीच तास. भाचा रोज दीड तास ऐकतो. सोमवारी दीड झाले, मंगळवारी सकाळी सव्वादोन, आणि मंगळवारी परतीच्या बसमध्ये बसल्यावर पंधरा मिनिटांत आठवड्याचा कोटा खलास. पुढचे चार दिवस सगळं उधारीवर. आठवड्याचे नऊ तास म्हणजे साडेतीन आठवड्यांहून जास्त कोटा एका आठवड्यात.

Sounds & Haptics मधल्या Headphone Safety मध्ये Reduce Loud Audio चालू केलं. पट्टी 75 पासून 100 पर्यंत जाते, मी 85 वर ठेवली. 85 ला साडेबारा तासांच्या आसपास मिळतात, त्यात त्याचे नऊ तास आरामात बसतात. मग प्रश्न उरला द्वारकेचा. त्याचं उत्तर आवाजात नाही, कानात घट्ट बसणाऱ्या रबरी बोंडांत आहे. डब्यात येणारी मोठी बोंडं लोक फेकून देतात आणि सैल बोंड घालून आवाज चढवतात. भाच्याला मोठी बसवली, बाहेरचा गोंगाट कमी झाला, 85 पुरेसा वाटू लागला. मात्र रस्ता ओलांडताना एक कान मोकळा ठेवायचा, हे मी त्याला बजावून सांगितलं. शिट्टी दोन दिवसांत गेली. गेली नसती तर मी त्याला कान-नाक-घसा डॉक्टरकडे नेणार होतो, दुकानात बसवून ठेवणार नव्हतो. आणि शिट्टी गेली म्हणजे काही झालंच नाही, असंही समजू नका. अशी हानी आधी उंच स्वरांत होते. ‘स’, ‘श’ पुसट होतात, गर्दीत बोलणं कळत नाही, आणि हे बराच काळ लक्षातही येत नाही.

सॅमसंगमध्ये हेच काम Sounds and vibration, तिथे Volume, वर कोपऱ्यातल्या तीन टिंबांत Media volume limit असं जाऊन होतं. पिनही लावता येतो, मुलांच्या फोनला लावाच. पण ही मर्यादा पट्टीच्या टक्क्यांत आहे, डेसिबलमध्ये नाही. एका इयरफोनला साठ टक्के सौम्य वाटेल, दुसऱ्याला तेच कर्कश. इयरफोन बदलला की मर्यादा पुन्हा ऐकून लावा. आयफोनचा आकडाही सगळीकडे सारखा भरवशाचा नसतो. ॲपलच्या स्वतःच्या हेडफोनवर तो नेमका, इतर वायरवाल्या इयरफोनवर अंदाज. म्हणून भाच्याचे 92 मी 92 च्या आसपास असंच धरलं होतं.

ज्या फोनात मर्यादा लावायची सोयच नाही, त्यात निदान तो इशारा येतो. आवाज एका पातळीला अडतो आणि जास्त वाढवायचा का, असं विचारतो. तिथे थांबलात तरी अर्धं काम होतं. ‘व्हॉल्यूम बूस्टर’ नावाची ॲप टाकून तो अडथळा ओलांडणाऱ्यांना मी फोन परत करतो, ॲप काढून.

स्पीकरवर लावलेला आवाज हेडफोनलाही लागू होतो, असं धरणे

फोन प्रत्येक साधनाचा आवाज वेगळा लक्षात ठेवतो. स्पीकरवर तीस टक्के असला तरी ब्लूटूथ जोडल्याबरोबर काल रात्रीचा नव्वद परत येतो. जोडा, पट्टी बघा, मगच कानात घाला.

गाडीला हेडफोन समजू देणे

मर्यादा लावल्यावर आठवड्याभरात हमखास येणारी तक्रार: "गाडीत गाणी हळू येतात, तुम्ही काहीतरी बिघडवलं." फोन गाडीच्या ब्लूटूथला हेडफोन समजून दाबून ठेवतो. आयफोनमध्ये Bluetooth च्या यादीत त्या नावापुढचा ‘i’ दाबा, Device Type मध्ये Car Stereo निवडा. घरच्या स्पीकरला Speaker. एक अंबडचे साहेब या एका तक्रारीसाठी गाडीचा स्टिरिओ बदलायला निघाले होते, मी काउंटरवर दोन मिनिटांत हे करून दिलं आणि त्यांनी विचारलं, "मग स्टिरिओची ऑर्डर रद्द करता येईल का?"