मिनिटाचा दर सांगण्याआधी: ॲनिमेशनच्या कोटेशनची तयारी

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्यातून फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "मिनिटाला किती घेता?" आकडा तिथेच सांगू नका. आधी कागद घ्या आणि कामाचे दोन भाग करा. स्क्रिप्ट, स्टोरीबोर्ड, रंगरूपाच्या नमुना फ्रेम्स, स्टोरीबोर्डची चित्रं आवाजावर बसवून केलेलं कच्चं ॲनिमॅटिक आणि शेवटचं साउंड-रेंडर हे काम व्हिडिओ छोटा असला तरी फारसं कमी होत नाही. प्रत्यक्ष ॲनिमेशन मात्र लांबीप्रमाणे वाढतं.

समजा, पहिल्या भागाला सहा दिवस लागतात, ॲनिमेशनला मिनिटामागे सहा दिवस, आणि तुमचा दिवसाचा दर 2,000 रुपये आहे. म्हणजे पायाचे 12,000 आणि वर प्रत्येक मिनिटाला 12,000. दीड मिनिटाच्या व्हिडिओचे 30,000 होतात, म्हणजे मिनिटाला 20,000. तीस सेकंदांचे 18,000 होतात, म्हणजे मिनिटाला 36,000. फोनवर "वीस हजार" सांगून बसलात आणि गिऱ्हाईक तीस सेकंदांची जाहिरात घेऊन आलं, तर हातात 10,000 येतील आणि काम नऊ दिवसांचं असेल. म्हणून मिनिटाच्या दराशेजारी किमान रक्कम लिहाच. दिवसाचा दर काढतानाही महिन्याचे तीस दिवस धरू नका. फोन, भेटी आणि कोटेशनं यांत जाणारे दिवस वजा करून जे उरतात, त्यांवरच घर चालवायचं असतं.

मग मिनिट कशावरून मोजायचं ते लिहा. माझ्या मते मोजमाप मंजूर व्हॉइस-ओव्हरवरून व्हावं. मराठी निवेदन सावकाश वाचलं तर मिनिटाला साधारण 120 शब्द बसतात, त्यामुळे दीड मिनिटाला 180 शब्द पुरेत. स्क्रिप्ट आली की मोबाइलवर वेळ लावून स्वतः मोठ्याने वाचा. चादर, टेरी टॉवेल, निर्यात, कारखान्याचा इतिहास असं सगळं घालून 300 शब्द आले असतील, तर तो अडीच मिनिटांचा व्हिडिओ झाला. हे रेकॉर्डिंगच्या आधीच सांगायचं.

सगळ्यात जास्त वेळ करेक्शनच्या अटीवर घालवा. नुसतं "दोन करेक्शन मोफत" लिहून भागत नाही. आपल्याकडचे बरेच कारखाने घरचे. वडील, दोन भाऊ आणि एखादे मेहुणे, सगळ्यांची मतं वेगवेगळ्या वेळी व्हॉट्सॲपवर येतात. म्हणून एक फेरी म्हणजे एकाच जबाबदार माणसाने पाठवलेली एक लेखी यादी, असं लिहा. स्टोरीबोर्डला दोन फेऱ्या, ॲनिमॅटिकला एक, पूर्ण झालेल्या ॲनिमेशनला एक. मंजुरीनंतर मागची पायरी उघडली तर दिवसाच्या दराने पैसे. टॉवेलची किनार निळ्याची लाल करायची असेल तर रंग एका जागी बदलतो, काम मिनिटांचं असतं. पण "टॉवेलऐवजी चादर दाखवा" म्हटलं की घड्या, नक्षी आणि हालचाल नव्याने करावी लागते. ही दोन्ही उदाहरणं कोटेशनमध्येच द्या, म्हणजे पुढे वाद होत नाही.

आता हप्ते. कापडाच्या धंद्यात उधारीची मुदत लांब असते आणि समोरचा तीच सवय तुमच्याकडे आणतो. म्हणून हप्ते तारखेला न बांधता पायरीला बांधा. व्हॉइस आर्टिस्ट आणि संगीताचा परवाना, समजा 4,500, ही बाहेरची रक्कम पूर्ण आगाऊ घ्या. उरलेल्या 30,000 पैकी चाळीस टक्के, म्हणजे 12,000, काम सुरू करण्याआधी. 9,000 ॲनिमॅटिक मंजूर झाल्यावर. 9,000 फायनल फाइल देण्याआधी. ॲनिमॅटिकपर्यंत तुमचे पाच दिवस, म्हणजे 10,000 गेलेले असतात, त्यामुळे काम तिथे थांबलं तरी तोटा नाही. वॉटरमार्क टाकलेला पूर्ण व्हिडिओ दाखवता तेव्हा 28,000 चं काम झालेलं असतं आणि हातात 21,000 असतात. अडकू शकतात ते एवढे सात हजार. हे परवडणार नसेल तर मधला हप्ता वाढवा. पंधरा दिवस उत्तर आलं नाही तर पुढचा हप्ता देय, हेही लिहा. गड्ड्याच्या यात्रेच्या आणि दिवाळीच्या गडबडीत मंजुरी हमखास लांबते.

एक ओळ बरेच जण विसरतात. 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे पैसे देऊन करून घेतलेल्या चित्रफितीचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, करून घेणारा असतो. म्हणून "हक्क पूर्ण रक्कम मिळाल्यावरच जातील" हे काम सुरू होण्याआधी लेखी हवं. पुढे बदल करता येतील अशी ओपन फाइल किमतीत धरलेली नाही, तिचा दर वेगळा, हेही त्याच पानावर येऊ द्या. त्या पानावर सही आणि पहिला हप्ता आला की मगच व्हॉइस आर्टिस्टची तारीख घ्या.