कटऑफपाशी गुणांची गर्दी आधी बघा

रिग्रेशन डिसकंटिन्युइटीत, म्हणजे कटऑफच्या जरा खालच्या आणि जरा वरच्या लोकांची तुलना करण्याच्या पद्धतीत, परिणाम मोजण्याआधी नुसत्या गुणांचा हिस्टोग्राम काढा. समजा, शिष्यवृत्ती ५० गुणांना मिळते. ४८-४९ वर खड्डा आणि ५०-५१ वर उंचवटा दिसला, तर काठावरच्या मुलांना कुणीतरी वर ढकलल्याचा संशय घ्या. हिस्टोग्रामची एकच पट्टी ५० च्या दोन्ही बाजूंना पसरली, तर हा खड्डा बुजून जातो. मॅक्रेरी यांची २००८ ची चाचणी किंवा `rddensity` हे सॉफ्टवेअर पॅकेज हेच मोजते. पण तेवढ्यावर निर्धास्त राहू नका. काहींना वर आणि तितक्यांनाच खाली ढकललं असेल, तर गर्दी सपाटच दिसते. म्हणून मागच्या वर्षीचे गुण, पालकांचं शिक्षण यांतही ५० गुणांपाशी उडी दिसते का ते पाहा. आणि पेपर तपासणाऱ्याला कटऑफ आधीच माहीत होता का, हे विचाराच.