वेबिनारमध्ये वक्त्याची ओळख करून देताना या चुका टाळा

सातचा वेबिनार म्हणजे सातला पंचवीस माणसं, सव्वासातला शंभर. याला इलाज नाही. लोक गायीची धार काढून, जेवण उरकून येतात. पण सूत्रसंचालक प्रत्येक नव्या माणसासाठी गाडी मागे घेतो, तेव्हा माझं डोकं फिरतं.

डाळिंबावरच्या तेल्या रोगाचं सत्र होतं. सूत्रसंचालक नवखा, उत्साही. सात वाजता त्याने डॉक्टरसाहेबांची ओळख सुरू केली: पदव्या, पुरस्कार, शोधनिबंध. सात चारला तीस जण आत आले. "जे आत्ता जोडले गेलेत त्यांच्यासाठी पुन्हा सांगतो," म्हणत गडी परत पहिल्या पदवीवर. सात नऊला तिसऱ्यांदा. मध्येच "या या अण्णा, आवाज येतोय का?" साहेब बोलायला लागले तेव्हा सात एकोणीस झाले होते आणि वेळेवर आलेल्यांपैकी निम्मे उठून गेले होते. जे वेळ पाळतात त्यांनाच शिक्षा!

माझी सवय सांगतो. ओळख चार वाक्यांची: नाव, सध्याचं काम, आजच्या विषयाशी नातं, आणि शेवटी पुन्हा नाव. तेल्यावर बोलणाऱ्या माणसाने किती बागा पाहिल्या ते सांगा, सुवर्णपदक राहू द्या. उशिरा आलेल्यांसाठी एकच वाक्य आधी कागदावर लिहून ठेवतो:

"आत्ता आलेल्यांसाठी: विषय डाळिंबावरचा तेल्या, बोलणार आहेत डॉक्टर अमुक, प्रश्न Q&A मध्ये लिहा, साडेआठला संपवू."

दहा-बारा सेकंदांत होतं. ते मी दोनदाच म्हणतो: ओळख संपताना, साहेबांच्या हाती माईक देण्याच्या आधी, आणि नंतर त्यांचा पहिला मुद्दा संपला की. तिथे थांबायचं हे त्यांच्याशी आधीच ठरवलेलं असतं. ओळखीच्या मधोमध कधीच नाही, वाक्य तुटलं की वक्त्याचं नावही हरवतं.

दुसरी चूक, सूचना चॅटमध्ये एकदा टाकून निर्धास्त होणं. झूमवर सहसा उशिरा आलेल्याला आधीचा चॅट दिसतच नाही. मग "रेकॉर्डिंग मिळेल का?" हा प्रश्न वीस वेळा येतो आणि आपण लोकांवर चिडतो. तोच मजकूर दर पाच मिनिटांनी पुन्हा चिकटवायचा. हे काम सहकाऱ्याला द्या. बोलता बोलता टाइप करणाऱ्याचं दोन्हीकडे लक्ष नसतं.

आणि वेबिनारऐवजी साधी मीटिंग लावली असेल तर Mute participants upon entry सुरू आहे ना, बघा. नाहीतर साहेबांच्या नावाच्या वेळी नेमका कुणाचा तरी कुकर शिट्टी देतो.

"अजून पाच मिनिटं थांबू या" हे तर म्हणूच नका. पुढच्या वेळी सगळेच पाच मिनिटं उशिरा येतात.