फंडाची फी तीस वर्षांत किती खाते, हे स्वतः कसं मोजावं

मामांनी अकरा वर्षांचं फंडाचं स्टेटमेंट माझ्यापुढे सरकवलं आणि म्हणाले, "यात फी कुठे लिहिलीय, तेवढं दाखव बरं." दोघांनी मिळून पानन् पान पाहिलं. युनिट्स होती, तारखा होत्या, आजचं मूल्य होतं, फी कुठेच नव्हती. त्यांच्या फंडाचा वार्षिक खर्च १.८ टक्के होता. अकरा वर्षं तो नियमाने कापला गेला होता आणि एकदाही कागदावर आला नव्हता.

यात कोणी लबाडी केलेली नाही, कापण्याची पद्धतच तशी आहे. फंडाचा वार्षिक खर्च ३६५ दिवसांत वाटून रोज फंडाच्या मालमत्तेतून वजा होतो आणि उरलेल्या रकमेवर त्या दिवशीची एनएव्ही, म्हणजे एका युनिटची किंमत, ठरते. १.८ टक्के खर्च असेल, तर एक लाखामागे दिवसाला साधारण पाच जातात. बाजार रोज याच्या शेकडो पटींनी वरखाली होतो, त्यामुळे ते पाच नजरेला पडत नाहीत. ते शोधावे लागतात. पुढे दिलेला हिशोब अर्ध्या तासात होतो आणि त्याला कॅल्क्युलेटर पुरतो.

आधी आकडा शोधा

फंडाची मासिक फॅक्टशीट उघडा आणि त्यात "एक्स्पेन्स रेशो" किंवा "टोटल एक्स्पेन्स रेशो" असं लिहिलेली ओळ शोधा. व्यवस्थापकाचं मानधन, संशोधन, हिशोब आणि बऱ्याचदा विक्रेत्याचं कमिशन, हे सगळं त्या एका टक्केवारीत येतं. शेअर्सच्या खरेदी-विक्रीवर लागणारी दलाली मात्र अनेकदा तिच्या बाहेर असते. ज्या फंडात उलाढाल जास्त, तिथे खरा खर्च छापलेल्या आकड्याहून थोडा वरच असतो.

आता त्याच प्रकारच्या कंपन्यांचा निर्देशांक धरून चालणाऱ्या एखाद्या इंडेक्स फंडाचा खर्च पाहा. इंडेक्स फंडात कोणता शेअर घ्यायचा हे कोणी ठरवत नाही. निर्देशांकात ज्या कंपन्या ज्या प्रमाणात आहेत, त्या त्याच प्रमाणात घेतल्या जातात. ॲक्टिव्ह फंडात निवड व्यवस्थापक करतो आणि फी त्या निवडीची असते. उदाहरणासाठी मी इंडेक्स फंडाचा खर्च ०.२ टक्के आणि ॲक्टिव्ह फंडाचा १.८ टक्के धरतो. तुमचे आकडे वेगळे असतील, ते घाला.

मग "किती उरतं" ते काढा

बहुतेक जण इथे चुकतात. १.८ टक्के हा आकडा परताव्याच्या शेजारी ठेवून "दहातले पावणेदोन गेले, ठीक आहे" असं म्हणतात. पण फी नफ्यावर लागत नाही. ती दरवर्षी जमलेल्या सगळ्या रकमेवर लागते, तोट्याच्या वर्षातही लागते, आणि गेलेला पैसा पुढच्या सगळ्या वर्षांची वाढही सोबत नेतो.

हिशोब मात्र सोपा आहे. दरवर्षी १०० पैकी ९८.२ उरतात, पुढच्या वर्षी त्याचे ९८.२ टक्के, आणि असंच पुढे. स्प्रेडशीटमध्ये एका ओळीत मांडता येतं:

```
=(1-0.018)^30
=(1-0.002)^30
```

पहिल्याचं उत्तर ०.५८ येतं, दुसऱ्याचं ०.९४. म्हणजे फी नसती तर तीस वर्षांनी जे १०० झाले असते, त्यातले ॲक्टिव्ह फंडात ५८ हाती येतात आणि इंडेक्स फंडात ९४. या सूत्रात बाजाराचा परतावा कुठेच नाही, हे लक्षात घ्या. बाजार पाच टक्क्यांनी वाढो की बारा टक्क्यांनी, फीने खाल्लेला वाटा तेवढाच राहतो. भविष्याबद्दल इतक्या खात्रीने सांगता येण्यासारखी गोष्ट गुंतवणुकीत दुसरी मला माहीत नाही, म्हणून मी हिशोबाला नेहमी इथूनच सुरुवात करतो.

वर्षं बदलून पाहा. १.८ टक्क्यांना दहा वर्षांनी ८३ उरतात, वीस वर्षांनी ७०, तीस वर्षांनी ५८. मामांची अकरा वर्षांपूर्वी एकरकमी ठेवलेली रक्कम या हिशोबाने ८२ वर आली होती.

दरवर्षी थोडं थोडं टाकणाऱ्यांचं काय? शेवटच्या हप्त्यांवर फी थोडीच वर्षं लागते, म्हणून टक्केवारीत नुकसान कमी दिसतं. तरी एकदा मांडून पाहू. दरवर्षी सुरुवातीला १०० टाकले, तीस वर्षं टाकले, आणि फीच्या आधीचा परतावा दोन्हीकडे १० टक्के धरला. खिशातून गेले एकूण ३,०००. इंडेक्स फंडात शेवटी सुमारे १७,३०० जमतात, ॲक्टिव्ह फंडात सुमारे १२,३००. फरक ५,००० चा, म्हणजे तीस वर्षांत स्वतः टाकलेल्या एकूण रकमेपेक्षाही जास्त. मामांनी हा आकडा माझ्याकडून दोनदा करून घेतला.

व्यवस्थापक तेवढं परत देतो का, ते तपासा

इथे कोणीही म्हणेल, फी जास्त आहे पण निवड चांगली असेल तर वसूल होईल. प्रश्न रास्त आहे. वरच्या उदाहरणात नुसती बरोबरी साधायला व्यवस्थापकाने फीच्या आधी ११.८ टक्के मिळवायला हवेत, म्हणजे बाजारापेक्षा दरवर्षी सुमारे १.८ टक्के जास्त. आणि तेही एखाददोन वर्षं नव्हे, सरासरीने तीस वर्षं.

ते अवघड का आहे, हे अर्थतज्ज्ञ विल्यम शार्प यांनी १९९१ साली अगदी थोडक्यात मांडलं. सगळे मिळून जो बाजार होतो, त्यातला इंडेक्स धरणाऱ्यांचा हिस्सा बाजूला काढला, तर उरलेल्या ॲक्टिव्ह गुंतवणूकदारांनाही एकत्रितपणे बाजाराइतकाच परतावा मिळतो. एक जण पुढे गेला, तर तेवढाच दुसरा मागे पडलेला असतो. मग त्यातून खर्च वजा केला, की सरासरी ॲक्टिव्ह पैसा बाजाराच्या मागेच राहणार. यात व्यवस्थापकांच्या हुशारीबद्दल काहीच म्हटलेलं नाही, ही नुसती बेरीज-वजाबाकी आहे. अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांच्या फंडांची पंधरा वर्षांची तुलना पाहिली, तर दहापैकी नवाच्या आसपास फंड निर्देशांकाच्या मागे राहिलेले दिसतात. छोट्या कंपन्यांत किंवा थोड्या काळात पुढे राहणाऱ्यांचं प्रमाण कधीकधी जास्त असतं. पण आज पुढे असलेला फंड पुढची वीस वर्षं पुढे राहील का, हे आधी ओळखणं फार कठीण आहे.

आपला फंड तपासताना दोन ठिकाणी फसगत होते.

पहिली लाभांशाची. फंडाच्या परताव्यात कंपन्यांनी दिलेला लाभांश धरलेला असतो, पण बातम्यांत दिसणारा निर्देशांक बहुधा फक्त शेअर्सच्या किमतीचा असतो. लाभांश वर्षाला दीड टक्का असेल, तर फंडाने काहीही न करता तो दीड टक्का पुढे दिसतो. म्हणून तुलना नेहमी "टोटल रिटर्न इंडेक्स"शी करा, म्हणजे लाभांश पुन्हा गुंतवला असं धरलेल्या निर्देशांकाशी.

दुसरी गायब झालेल्या फंडांची. वाईट चाललेले फंड बंद होतात किंवा दुसऱ्यात विलीन होतात, आणि यादीत नुसते टिकलेले उरतात. "आमच्या फंडांनी वीस वर्षांत बाजाराला मागे टाकलं" असं वाचलं, की वीस वर्षांपूर्वी एकूण किती फंड होते, हे विचारा.

आणखी एक गोष्ट पाहा: फंडातल्या पहिल्या दहा कंपन्या. मामांच्या फंडाची फॅक्टशीट निर्देशांकाच्या यादीशेजारी ठेवली, तर दहातल्या आठ कंपन्या त्याच निघाल्या, प्रमाणही जवळपास तेवढंच. अशा फंडात पैसे बहुतांशी निर्देशांकातच असतात, फी मात्र निवडीची जाते. बाजाराहून खरंच वेगळी निवड करणाऱ्या फंडाची फी देण्याबद्दल वाद घालता येईल, पण असल्या फंडाची फी देण्याचं कारण मला सापडलेलं नाही.

इंडेक्स फंड निवडताना

इंडेक्स फंड म्हणजे स्वस्तच, असं गृहीत धरू नका. एकाच निर्देशांकाच्या दोन फंडांच्या खर्चात दुप्पट-तिप्पट फरक असू शकतो, आणि आत माल तोच असतो. खर्चाबरोबर "ट्रॅकिंग डिफरन्स" पाहा. निर्देशांक लाभांशासह वर्षात १२.४ टक्के वाढला आणि फंड १२.१ टक्के, तर फरक ०.३. खर्च ०.२ असेल, तर उरलेला ०.१ रोख पडून राहणं, उशिरा खरेदी यांसारख्या गोष्टींत गेला. तीन-चार वर्षं हा फरक खर्चाच्या आसपास राहत असेल, तर फंड नीट चालवला जातोय. कोणत्यातरी एकाच क्षेत्राचे किंवा कल्पनेचे "इंडेक्स" फंडही विकायला असतात. ते नावाने इंडेक्स असतात, पण क्षेत्राची निवड तुमच्या गळ्यात असते. वरचा हिशोब व्यापक निर्देशांकासाठी आहे.

जुन्या फंडातून बाहेर पडताना

आकडे पाहून त्याच संध्याकाळी सगळं विकू नका. ठरावीक मुदतीआधी काढलं तर एक्झिट लोड लागू शकतो, आणि नफ्यावर कर. आधी या दोन्हींची बेरीज एकूण रकमेच्या किती टक्के होते, ते काढा. समजा ५ टक्के आली आणि फीमध्ये वर्षाला १.६ टक्के वाचणार आहेत. मग ती भरपाई साधारण सव्वातीन वर्षांत होते. त्यापुढे किमान दहा वर्षं पैसे ठेवायचे असतील, तर बदलणं बहुधा फायद्याचं. दोन वर्षांत पैसे लागणार असतील, तर राहू द्या. शिवाय कर आज नाही तरी पुढे द्यावाच लागणार असतो, त्यामुळे बदलण्याचा खरा खर्च त्या ५ टक्क्यांहून काहीसा कमीच असतो. नियम जागोजागी वेगळे असतात, म्हणून कराचा आकडा स्वतःच्या कागदांवरून काढा.

मामांनी पहिल्यांदा फक्त चालू हप्ता इंडेक्स फंडाकडे वळवला, कारण त्याला ना कर लागतो ना एक्झिट लोड. मग जुन्या युनिट्सची यादी केली, ज्यांची मुदत संपली होती ती वेगळी काढली, आणि दोन आर्थिक वर्षांत विभागून हलवली. राहिलेल्या थोड्या युनिट्सची मुदत सरायला अजून चार महिने आहेत. ती तारीख त्यांनी स्टेटमेंटच्या पहिल्या पानावर पेनने लिहून ठेवली आहे.