घामट बुटांचा वास: आधी धुवा, मग जोड्या आलटूनपालटून वापरा

घामाला स्वतःचा फारसा वास नसतो. घाम आणि पायाची मेलेली त्वचा यांवर जिवाणू पोसतात, त्यातून आयसोव्हॅलेरिक आम्ल तयार होतं आणि खेळाच्या बुटांना तो आंबूस दर्प येतो. जिवाणूंना जगायला ओल लागते. म्हणून सुगंधी फवाऱ्याने वास तेवढ्यापुरता झाकला जातो, जात नाही.

पहिलं काम म्हणजे लेस आणि आतली गादी काढणं. बहुतेक बुटांत ती नुसती बसवलेली असते. चिकटवलेली असेल तर ओढू नका. कोमट पाण्यात थोडी कपड्यांची पावडर घालून गादी मऊ ब्रशने दोन्ही बाजूंनी घासा. बुटाचं अस्तर त्याच पाण्यात पिळलेल्या फडक्याने पुसा, बोटांकडचा कोपरा विसरू नका. मग साध्या पाण्याच्या फडक्याने साबण पूर्ण काढा. पाणी गरम नको, डिंक सुटतो.

आत वर्तमानपत्राचे बोळे भरा आणि ते ओले झाले की बदला. बूट सावलीत, पंख्याच्या वाऱ्यात, तोंड वाऱ्याकडे करून ठेवा. गादी वेगळी वाळवा.

पूर्ण वाळल्यावर प्रत्येक बुटात चमचाभर खाण्याचा सोडा पसरून रात्रभर ठेवा आणि सकाळी झटका. सोडा आम्लाशी संयोग पावतो आणि वास उतरतो. जिवाणू मात्र मरत नाहीत. त्यासोबत व्हिनेगर ओतू नका, दोघं एकमेकांचाच परिणाम घालवतात.

एवढं करूनही तोच जोड रोज घातला तर वास परततो, कारण अस्तर वरून लवकर सुकतं, पण त्यामागचा फोम ओल धरून ठेवतो. हाताला ती कळत नाही, वजनकाट्याला कळते. समजा पूर्ण कोरडा बूट 280 ग्रॅमचा आहे. धावून आल्यावर तो 305 भरला, तर आत 25 ग्रॅम घाम आहे. दुसऱ्या सकाळी 290 भरला, तर हाताला कोरडा वाटला तरी 10 ग्रॅम पाणी आतच आहे. तसाच घातला की नवा घाम त्या शिल्लक ओलीवर चढतो. काटा पुन्हा 280 च्या आसपास येईपर्यंत दुसरा जोड वापरा. साधारण एक दिवसाआड पुरतं. दमट हवेत दोन दिवसही लागतात. वापरून आल्यावर गादी लगेच काढून ठेवली तर हा वेळ बराच कमी होतो. बूट पिशवीत किंवा बंद कपाटात कोंबले, तर दोन जोड असूनही उपयोग नाही.

धुऊन, पूर्ण वाळवूनही गादीला वास येत असेल तर ती बदला. फोम आतून मुरलेला असतो. आणि नव्या गादीलाही लवकरच वास लागला, शिवाय तळव्याला बारीक खड्डे पडले किंवा बोटांमध्ये खाज सुटली, तर त्वचारोगतज्ज्ञांना पाय दाखवा.