दुःख लिहायचंय? मग आधी सवय पेरा

कथेत कोणी गेलं की आपण लगेच 'तिला फार दुःख झालं' लिहून मोकळे होतो, त्यापेक्षा एक वस्तू आणि तिच्याशी जोडलेली रोजची सवय पकडा. पण ती सवय माणूस जिवंत असतानाच एकदा जाता जाता दाखवून ठेवा, नाहीतर नंतर वाचकाला काही कळतच नाही. म्हणजे बघा, नवऱ्याच्या गोळीसाठी बायकोच्या मोबाईलवर रात्री ९ चा अलार्म आहे, ती वैतागून पाणी आणून देते, एवढंच सुरुवातीला. तो गेल्यानंतर अलार्म वाजतो, ती सवयीने उठते, ग्लास भरते, खोलीच्या दारापर्यंत जाते आणि तिथेच उभी राहून ते पाणी स्वतः पिऊन टाकते. मग अलार्म बंद करते, डिलीट मात्र करत नाही. बस. इथे डोळ्यांत पाणी वगैरे आणलंत की सगळं गेलं.

चष्मा, चप्पल, फोटो सगळंच एका सीनमध्ये कोंबलं तर ते सामानाची यादी वाटते, एकच पुरे. आणि लिहून झालं की परिच्छेदाचं शेवटचं वाक्य झाकून वाचा, बहुतेक वेळा तिथेच आपण भावना समजावत बसलेलो असतो, ते सरळ उडवा.